बिल ५१ हजारांचं, खात्यात ३७ हजार: अपघाती गाडीच्या क्लेममध्ये नेमकं काय कापलं जातं

गाडी ठोकली, गॅरेजचं पूर्ण बिल स्वतः भरलं, कागद विमा कंपनीकडे दिले आणि खात्यात पैसे आले ते अपेक्षेपेक्षा बरेच कमी. विचारलं तर उत्तर मिळतं, "डिडक्टिबल कापलंय." पॉलिसी उघडून पाहिली तर डिडक्टिबल, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये आपल्याकडेच राहणारी ठरलेली रक्कम, फक्त १,००० रुपये लिहिलेलं असतं, मग उरलेले १३ हजार गेले कुठे? हा लेख त्या १३ हजारांबद्दल आहे. ती रक्कम कशी ठरते हे दुरुस्तीआधी कळलं, तर त्यातला काही भाग वाचवता येतो. बिल भरल्यावर फारसं काही हातात राहत नाही.

सोलापूर भागातलं नेहमीचं उदाहरण घेऊ. ऊसतोडीचा हंगाम, रात्रीची वेळ, तुळजापूर रस्ता. पुढे उसाची ट्रॉली, तिला ना टेललाइट ना रिफ्लेक्टर. जुळे सोलापुरात राहणाऱ्या एका कुटुंबाची ११९७ सीसीची पेट्रोल हॅचबॅक तिच्या मागच्या बाजूला घासून धडकते. पुढचा बंपर, ग्रिल, डावा हेडलॅम्प, बोनेट आणि डावा फेंडर गेला, समोरच्या काचेलाही तडा गेला. कुणाला लागलं नाही. गाडी घेऊन २ वर्षं ७ महिने झालेत. पॉलिसीत ओडी, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं कव्हर आहे, पण झिरो डेप, म्हणजे पार्टच्या किमतीतून घसारा न कापण्याचं कव्हर, नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीतलं ओळखीचं गॅरेज विमा कंपनीच्या कॅशलेस यादीत नाही. म्हणून आधी बिल भरायचं आणि मागून पैसे घ्यायचे, म्हणजे रीइम्बर्समेंट.

जागेवर

गाडी हलवण्याआधी फोटो काढा. नंबरप्लेटसकट पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी, मग प्रत्येक तुटलेला भाग जवळून, आणि शेवटी ट्रॉली व रस्ता एका चौकटीत येईल असा लांबून. धोक्याची जागा असेल तर आधी माणसं बाजूला घ्या, एक-दोन फोटो काढून गाडी कडेला घ्या. गाडीखाली पाणी किंवा ऑइल गळत असेल तर इंजिन पुन्हा चालू करू नका. धडकेत रेडिएटर फुटला तर तो क्लेममध्ये बसतो. तशीच गाडी चालवत घरी आणल्यामुळे इंजिन गरम होऊन जाम झालं, तर ते नुकसान कंपनी नाकारते, कारण ते धडकेमुळे नाही तर नंतर गाडी चालवल्यामुळे झालेलं असतं. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ वर फोन करा. खासगी क्रेन लावली तर पावती घ्या. खासगी कारच्या नेहमीच्या पॉलिसीत टोइंगचे एका अपघाताला १,५०० रुपयांपर्यंत मिळतात, पण पावतीशिवाय मिळत नाहीत. आपल्या उदाहरणात गाडी चालवत आणण्याजोगी होती, त्यामुळे हा खर्च नाही.

कुणी जखमी झालं असेल किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचं मोठं नुकसान झालं असेल तर पोलिसात नोंद हवीच. फक्त आपल्या गाडीचं नुकसान असेल तर बहुतेक वेळा एफआयआरशिवाय ओडी क्लेम होतो. चूक ट्रॉलीवाल्याची की आपली, यावर ओडी क्लेम अडत नाही. म्हणून रस्त्यावर भांडण लांबवण्यात अर्थ नाही, ट्रॉली-ट्रॅक्टरचा नंबर टिपून घ्या आणि पुढे चला.

कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि क्लेम नंबर घ्या. कळवताना सांगितलेली हकिगत पुढे क्लेम फॉर्मवर आणि नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेअरसमोर तशीच्या तशी यायला हवी. फोनवर "काहीतरी धडकलं", फॉर्मवर "ट्रॉली", सर्व्हेअरला "दुभाजक" असं झालं की क्लेम संशयात जातो. तारीख, वेळ, ठिकाण, कुठून कुठे चाललो होतो, कोण चालवत होतं आणि काय धडकलं, एवढं दोन-तीन वाक्यांत एकदा लिहून ठेवा आणि सगळीकडे तेच द्या.

क्लेम करायचा का, हे आधी ठरवा

क्लेम घेतला की पुढच्या नूतनीकरणाला नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, शून्य होतो. बोनसची शिडी २०, २५, ३५, ४५, ५० टक्के अशी आहे आणि ती फक्त ओडी प्रीमियमवर लागते. आपल्या गाडीला पुढच्या वर्षी ३५ टक्के मिळणार होते, ते शून्यावर येतील. त्यानंतर ४५ च्या जागी २०, ५० च्या जागी २५, पुन्हा ५० च्या जागी ३५ आणि मग ४५. हे सगळे फरक मिळवले तर १०५ टक्के होतात. म्हणजे या एका क्लेमची पुढच्या पाच वर्षांतली किंमत साधारण एका वर्षाच्या मूळ, बोनस न वजा केलेल्या ओडी प्रीमियमएवढी पडते. गाडीची किंमत दरवर्षी उतरते, म्हणून प्रत्यक्षात थोडी कमी. ओडी प्रीमियम आठ हजार असेल आणि क्लेममधून हातात चार-पाच हजारच येणार असतील, तर बिल खिशातून भरलेलं बरं. इथे ३५ हजारांच्या वर मिळणार आहेत, तेव्हा क्लेम करायलाच हवा.

एस्टिमेट: अर्धा क्लेम इथेच ठरतो

गॅरेजवाल्याला "अंदाजे पन्नास होतील" असं कागदावर लिहू देऊ नका. एस्टिमेटवर प्रत्येक पार्ट वेगळा, त्याची जीएसटीशिवायची किंमत, खोल-जोड व डेंटिंगची मजुरी वेगळी आणि पेंटिंग वेगळं हवं. गॅरेजचा जीएसटी नंबर आहे का, हेही आधीच विचारा. नंबर नसलेलं गॅरेज बिलात जीएसटी लावू शकत नाही, आणि जो कर भरलाच नाही तो कंपनीकडून मिळत नाही.

पेंटिंगबद्दल एक बारकावा बहुतेक गाडीवाल्यांना कुणी सांगत नाही. पॉलिसीच्या नियमाप्रमाणे पेंटच्या मटेरियलवर ५० टक्के घसारा लागतो, मजुरीवर लागत नाही. पेंटिंगचं एकच एकत्रित बिल असेल, तर त्यातले २५ टक्के मटेरियल धरायचे असं नियमातच आहे. म्हणजे ९,६०० च्या एकत्रित बिलात मटेरियल २,४०० आणि कापले जातात १,२००. गॅरेजने फोड करून मटेरियल ४,८०० दाखवलं, तर कापले जातात २,४००. बऱ्याच गॅरेजमध्ये पेंटिंगचा दर पॅनेलमागे एकरकमीच सांगतात. तसा असेल तर बिलही तसंच एकरकमी येऊ द्या, उगाच फोड मागू नका.

अजून एक गोष्ट. मागच्या दारावर आधीचाच एक ओरखडा आहे आणि तोही याच वेळी रंगवून घ्यायचाय. जरूर घ्या, पण त्याची ओळ वेगळी ठेवा आणि सर्व्हेअरला स्वतःहून सांगा की हा जुना आहे. तो या अपघातात घुसवायचा प्रयत्न केला तर त्या ओळीचे पैसे मिळत नाहीतच, शिवाय पुढची प्रत्येक ओळ सर्व्हेअर संशयाने बघतो. दोन वेगवेगळ्या धडकांचं नुकसान असेल तर ते दोन क्लेम धरले जातात आणि डिडक्टिबलही दोनदा कापलं जातं, कारण ते वर्षाला नाही, दर अपघाताला लागतं.

सर्व्हे

५० हजार किंवा त्याहून मोठ्या मोटार क्लेमला परवानाधारक सर्व्हेअर लागतो. त्याखालच्या क्लेमला कंपनी आपला माणूस पाठवते किंवा व्हिडिओ कॉलवर पाहणी करते. कुठल्याही प्रकारात पाहणी होण्याआधी गाडी उघडू नका, आणि उघडायच्या दिवशी शक्यतो स्वतः हजर राहा.

खरी चर्चा "बदलायचं की दुरुस्त करायचं" यावर होते. बोनेट मधून दबलं असेल तर सर्व्हेअर डेंटिंग सांगेल, आणि ते बरोबरही असतं. पण पत्र्याला धारदार घडी पडली असेल, कडेची दुमड उघडली असेल किंवा आतली पट्टी वरच्या पत्र्यापासून सुटली असेल, तर ठोकून ते नीट बसत नाही. बंद केल्यावर दोन्ही बाजूंची फट सारखी येत नाही. या जागा बोनेट उघडून, बोट ठेवून दाखवा. हेडलॅम्पची काच शाबूत दिसते, पण मागचे बसवायचे कान तुटलेले असतात. बंपर काढल्याशिवाय ते दिसत नाही. म्हणून खोलल्यावर त्यांचे फोटो काढून लगेच पाठवा.

खोलल्यावर नवीन काही सापडलं, उदाहरणार्थ रेडिएटरचा सपोर्ट वाकलेला, तर गॅरेजकडून पुरवणी एस्टिमेट घ्या आणि सर्व्हेअरची मंजुरी येईपर्यंत तो पार्ट बदलू नका. मंजुरीशिवाय बदललेला पार्ट बिलात आला की क्लेमच्या हिशेबातून जवळपास नक्कीच बाहेर जातो. "मालक, बदलून टाकतो, नंतर बघू" असं गॅरेजवाला भल्या मनाने म्हणतो, पण ते पैसे आपल्याकडून जातात. सर्व्हेअरकडून मंजूर पार्टची यादी, कुठला बदलायचा आणि कुठला दुरुस्त करायचा, ईमेल किंवा व्हॉट्सअॅपवर लेखी मागून घ्या. पुढे बिल आलं की याच यादीशी ओळीला ओळ ताडून बघायचं असतं.

काढलेले जुने पार्ट भंगारवाल्याला देऊ नका. दुरुस्तीनंतर पुन्हा पाहणी होते, तेव्हा जुना बंपर आणि बोनेट दाखवावं लागतं.

बिल आणि हिशेब

काम झाल्यावर आलेलं बिल जीएसटीआधी असं आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या पार्टवरचा जीएसटी १८ टक्के झालाय. मजुरीवर तो आधीपासूनच १८ आहे, त्यामुळे हिशेब सोपा आहे.

| बिलातली ओळ | बिल (रु.) | कापले | मंजूर |
|---|---|---|---|
| बंपर, ग्रिल, हेडलॅम्प | ९,४०० | ४,७०० | ४,७०० |
| बोनेट, फेंडर | १०,००० | १,५०० | ८,५०० |
| समोरची काच | ६,००० | ० | ६,००० |
| खोल-जोड, डेंटिंग मजुरी | ५,००० | ० | ५,००० |
| पेंटिंग, एकरकमी | ९,६०० | १,२०० | ८,४०० |
| क्लिप, नट-बोल्ट, कूलंट | ८०० | ८०० | ० |
| मागच्या दाराचा जुना ओरखडा | २,५०० | २,५०० | ० |
| एकूण | ४३,३०० | १०,७०० | ३२,६०० |

पहिल्या ओळीत निम्मे गेले, कारण प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांवर गाडीचं वय काहीही असलं तरी ५० टक्के घसारा लागतो. कालच घेतलेल्या गाडीचा बंपर असला तरी निम्मेच मिळतात. हेडलॅम्पही प्लास्टिकच धरला जातो. पत्र्याचा दर मात्र वयावर आहे. पहिल्या सहा महिन्यांत काही नाही, वर्षापर्यंत ५ टक्के, दोन वर्षांपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५, दहापर्यंत ४० आणि त्यापुढे ५०. आपली गाडी अडीच वर्षांची, म्हणून १५. वय अपघाताच्या तारखेला मोजलं जातं. इथे सर्व्हेअरने चुकून २५ टक्के लावले तर हजार रुपये आणि त्यावरचा कर जातो, म्हणून अहवालात हा आकडा आधी बघा. काचेवर घसारा नाही. क्लिप आणि कूलंटसारख्या वस्तू कन्झ्युमेबल्स कव्हर घेतलं नसेल तर मिळत नाहीत.

आता कर. तुम्ही गॅरेजला ४३,३०० वर ७,७९४ जीएसटी मिळून ५१,०९४ दिलेत. कंपनी कर देते तो फक्त मंजूर रकमेवर, म्हणजे ३२,६०० वर ५,८६८. झाले ३८,४६८. त्यातून वजा होतं जुन्या पत्र्याचं सॅल्व्हेज, म्हणजे भंगाराची किंमत, समजा ५०० रुपये, आणि सगळ्यात शेवटी सक्तीचं डिडक्टिबल १,०००. खात्यात येतात ३६,९६८.

खिशातून गेले १४,१२६. त्यात घसारा ७,४००, नामंजूर ओळी ३,३००, या दोन्हींवरचा कर १,९२६, सॅल्व्हेज ५०० आणि डिडक्टिबल फक्त १,०००. हाच हिशेब झिरो डेप असता तर ७,४०० आणि त्यावरचे १,३३२ वाचले असते, खिशातून ५,३९४ गेले असते. डिडक्टिबल आणि नामंजूर ओळी झिरो डेपमध्येही तुमच्याकडेच राहतात. "झिरो" म्हणजे एकही पैसा लागणार नाही असं कुणी सांगितलं असेल तर ते चुकीचं आहे.

सक्तीचं डिडक्टिबल १५०० सीसीपर्यंतच्या खासगी कारला १,००० आणि त्यावर २,००० असतं, दुचाकीला १००. पण पॉलिसीत ऐच्छिक डिडक्टिबल नावाची दुसरी ओळ असू शकते. ऑनलाइन पॉलिसी घेताना प्रीमियम कमी दिसावा म्हणून ५,००० किंवा ७,५०० ची खूण केलेली असते आणि नंतर कुणाच्या लक्षातही राहत नाही. ती सक्तीच्या डिडक्टिबलच्या वर लागते. आपल्या उदाहरणात ५,००० ची खूण असती तर १,००० ऐवजी ६,००० कापले गेले असते. पॉलिसीच्या पहिल्या-दुसऱ्या पानावरच्या तक्त्यात हे लिहिलेलं असतं. आज, गाडी धडधाकट असतानाच, बघून ठेवा.

पैसे भरल्याचा पुरावा आणि कागद

रीइम्बर्समेंटमध्ये नुसतं बिल पुरत नाही, पैसे भरल्याची पावतीही लागते. यूपीआय, कार्ड किंवा चेकने भरा. रोख दिले तर सही-शिक्क्याची, बिल नंबर लिहिलेली पावती घ्या. बिल पॉलिसीधारकाच्या नावावर आणि गाडीचा एमएच १३ चा पूर्ण नंबर असलेलं हवं. भावाच्या नावावर गेलेलं बिल परत येतं आणि त्यात आठवडा जातो.

सोबत क्लेम फॉर्म, आरसी, चालवणाऱ्याचं लायसन्स, केवायसीचे कागद आणि रद्द केलेला चेक. लायसन्स अपघाताच्या दिवशी वैध हवं, नंतर नूतनीकरण केलेलं दाखवून भागत नाही. गाडी जुनी घेतली असेल तर पॉलिसी तुमच्या नावावर झाली आहे का ते बघा. गाडीची मालकी बदलल्यापासून १४ दिवसांत विम्यावरचं नाव बदलून घ्यायला हवं. तसं झालेलं नसेल तर ओडी क्लेम जातो. सेकंडहँड गाड्यांत सगळ्यात जास्त क्लेम इथेच अडकतात.

चादर-टॉवेलच्या कारखान्याच्या किंवा दुकानाच्या नावावर गाडी असेल तर जीएसटीचा प्रश्न येतो. मालवाहू टेम्पोच्या दुरुस्तीवर भरलेल्या कराचं क्रेडिट तुम्ही घेणार असाल, तर कंपनी तो कर क्लेममध्ये देत नाही. मालक वापरतो त्या साध्या कारच्या दुरुस्तीवर क्रेडिट मिळतच नाही, म्हणून तिथे कर क्लेममध्ये मागा. क्रेडिट घेतलेलं नाही असं पत्र सोबत जोडलं की विचारणा येत नाही. वहीत पूर्ण बिल दुरुस्ती खर्चात आणि आलेला क्लेम वेगळा जमा दाखवा. नुसता फरक लिहिला तर वर्षअखेरीला गॅरेजचं खातं जुळत नाही.

रक्कम कमी आली तर

पहिल्यांदा सर्व्हे रिपोर्टची प्रत मागा. ती मागायचा तुम्हाला हक्क आहे. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे सर्व्हेअरची नेमणूक २४ तासांत, अहवाल १५ दिवसांत आणि अहवालानंतर ७ दिवसांत निर्णय व्हायला हवा. प्रत हातात आल्यावर वरच्यासारखा तक्ता करा आणि तीन ठिकाणी बघा: पत्र्याचा घसारा बरोबर वयाचा आहे का, काच किंवा मजुरीवर घसारा लावलाय का, आणि मंजूर यादीतला एखादा पार्ट गळलाय का. चूक बहुतेक वेळा यातच सापडते, आणि आकड्यासह लिहिलेला ईमेल गेला की बऱ्याचदा शाखेतच दुरुस्त होते. "रक्कम कमी आली, बघा जरा" अशा फोनने काहीही होत नाही.

तोवर "पूर्ण व अंतिम" असं छापलेल्या व्हाउचरवर मुकाट सही करू नका. रक्कम घ्यायची असेल तर सहीसोबत "हरकत राखून" असं लिहा. शाखेने ऐकलं नाही तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या, तीच विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवरही नोंदवता येते. कंपनीने नाकारलं किंवा ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, तर विमा लोकपाल. सोलापूरची प्रकरणं पुण्याच्या कार्यालयाकडे जातात, फी नाही, वकील लागत नाही. पण कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत जायला हवं. सोबत मंजूर पार्टची यादी, बिल, सर्व्हे रिपोर्ट आणि तुमचा तक्ता जोडा, आणि किती रुपये कमी मिळाले तो नेमका आकडा अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा.